लॅपटॉपच्या बॅटरीचा अहवाल वाचून ती बदलावी की नाही हे कसे ठरवावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर मुख्यतः विंडोज लॅपटॉपच्या बॅटरी अहवालाचा विचार केला आहे. उदाहरणासाठी माझ्या धाकट्या बहिणीच्या चार वर्षे वापरलेल्या लॅपटॉपचे आकडे घेतले आहेत. ती महाविद्यालयात शिकवते, आणि तिचा लॅपटॉप दिवसातले बरेच तास चार्जरला जोडलेलाच असतो. बॅटरी बदलायची का, हा तिचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना जे तपासावे लागले, तेच पुढील बहुतेक प्रश्नांत आले आहे.

बॅटरीचा अहवाल कसा काढायचा?

विंडोज ८ पासून ही सोय प्रणालीतच आहे, त्यामुळे वेगळा प्रोग्रॅम उतरवून घेण्याची गरज नाही. स्टार्ट मेनूत `cmd` असे टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि पुढील आज्ञा द्यावी:

```
powercfg /batteryreport /output C:\Users\Public\battery.html
```

ही फाइल कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. `/output` आणि त्यापुढील मार्ग दिला नाही, तर त्या वेळी कमांड प्रॉम्प्ट ज्या फोल्डरमध्ये असेल तिथे फाइल तयार होते, आणि अनेकांना ती नंतर सापडत नाही. अहवालात `Installed batteries` या शीर्षकाखाली मूळ आकडे असतात. बहिणीच्या लॅपटॉपवर ते असे होते:

```
CHEMISTRY               LIon
DESIGN CAPACITY         45,030 mWh
FULL CHARGE CAPACITY    29,270 mWh
CYCLE COUNT             118
```

`DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` यांत फरक काय?

पहिला आकडा बॅटरी कारखान्यातून निघताना तिच्यात किती ऊर्जा मावावी असे ठरलेले होते, ते सांगतो आणि तो कायम राहतो. दुसरा आकडा आज बॅटरी पूर्ण चार्ज केल्यावर तिच्यात किती ऊर्जा मावते याचा अंदाज आहे, आणि तो वयाबरोबर घटत जातो. दोन्ही आकडे मिलिवॉट-अवरमध्ये असतात. विजेच्या बिलातील एक युनिट म्हणजे १,००० वॉट-अवर, तर ही बॅटरी नवी असताना तिच्यात ४५ वॉट-अवर मावत होते. एका युनिटमध्ये अशी बॅटरी साधारण बावीस वेळा भरता आली असती.

बॅटरीच्या लेबलवर मिलिअँपिअर-अवरचा आकडाही छापलेला असतो, पण त्याची तुलना अहवालातील आकड्याशी थेट करू नये. लेबलवरील अँपिअर-अवरला लेबलवरीलच व्होल्टने गुणले की वॉट-अवर मिळतात. दोन बॅटऱ्यांचे मिलिअँपिअर-अवर सारखे असले, तरी एक ७.६ व्होल्टची आणि दुसरी ११.४ व्होल्टची असेल तर दुसरीत दीडपट ऊर्जा असते.

झिजेचे प्रमाण अहवालात दिसत नाही. ते कसे काढायचे?

आजच्या क्षमतेला मूळ क्षमतेने भागून शंभराने गुणावे. २९,२७० भागिले ४५,०३० म्हणजे ६५ टक्के क्षमता शिल्लक आहे, म्हणजेच झीज ३५ टक्के झाली आहे. काही प्रोग्रॅम शिल्लक क्षमता दाखवतात, तर काही झीज दाखवतात. त्यामुळे ‘माझी बॅटरी ३५ टक्के आहे’ असे कोणी म्हटले, तर ती मरणासन्न आहे की मध्यमवयीन, हे आधी विचारून घ्यावे लागते.

एक सायकल म्हणजे नेमके काय?

चार्जर एकदा लावून काढला की एक सायकल होते, असा समज सर्वत्र आढळतो, पण तो चुकीचा आहे. बॅटरीतून बाहेर पडलेली ऊर्जा साठत साठत साधारण एका पूर्ण बॅटरीइतकी झाली की मोजणीत एकची भर पडते. आज ४० टक्के वापरली, रात्री चार्ज केली, उद्या ६० टक्के वापरली, की दोन दिवसांत मिळून एक सायकल झाली. ही मोजणी बॅटरीच्या आतल्या चिपमध्ये साठवलेली असते. त्यामुळे विंडोज पुन्हा इन्स्टॉल केले किंवा हार्ड डिस्क बदलली तरी ती पुसली जात नाही.

सायकली फक्त ११८ असताना ३५ टक्के झीज कशी होऊ शकते?

या पानावरील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण कमी सायकली पाहून लोक एकतर अहवाल खोटा ठरवतात किंवा बॅटरी सदोष ठरवतात. बहुधा दोन्ही अनुमाने चुकीची असतात.

लिथियम-आयन बॅटरी दोन प्रकारे म्हातारी होते. एक झीज वापराची असते, आणि सायकलींची मोजणी तेवढीच सांगते. दुसरी झीज केवळ काळाची असते. बॅटरीतून काहीही काढले नाही, तरी तिच्या आत मंद रासायनिक क्रिया चालू राहतात आणि त्यांत वापरायोग्य लिथियम हळूहळू अडकून पडते. दोन गोष्टी या क्रियांना वेग देतात: बॅटरी पूर्ण भरलेली असणे आणि ती गरम असणे. पूर्ण चार्ज असताना प्रत्येक सेलचे व्होल्टेज ४.२ व्होल्ट किंवा त्याहून थोडे अधिक असते, आणि त्या ताणात सेल दिवसचे दिवस राहिला की त्याचे आयुष्य लवकर सरते.

आता बहिणीच्या टेबलाचा विचार करू. लॅपटॉप दिवसभर चार्जरला, बॅटरी सतत १०० टक्क्यांवर, आणि एप्रिल-मेमध्ये खोलीचे तापमानच इतके की लॅपटॉपच्या पोटात ते सहज चाळिशी ओलांडणार. चार वर्षांत ११८ सायकली म्हणजे महिन्याला अडीच सायकलीही नाहीत. ही बॅटरी वापरून झिजलेली नाही. भरलेल्या अवस्थेत उकाड्यात बसून बसून ती झिजली आहे.

याउलट चित्रही दिसते. रोज लोकलने प्रवास करणाऱ्या, दिवसा बॅटरीवर काम करून रात्री चार्ज करणाऱ्या व्यक्तीच्या लॅपटॉपवर पाचशे सायकली होऊनही ८५ टक्के क्षमता शिल्लक असू शकते. म्हणून सायकलींचा आकडा नेहमी बॅटरीच्या वयासोबत वाचावा. एकट्या त्या आकड्यावरून बॅटरी चांगली की वाईट, हे ठरत नाही.

ज्यांचा लॅपटॉप बहुतांश वेळ चार्जरलाच असतो, त्यांनी निर्मात्याच्या सेटिंगमध्ये किंवा बायॉसमध्ये चार्जची कमाल मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवण्याची सोय आहे का, हे पाहावे. लेनोव्होमध्ये तिचे नाव `Conservation Mode` आहे, आणि असुसमध्ये `Battery Health Charging`. झालेली झीज यामुळे भरून निघत नाही, पुढची मंदावते.

`FULL CHARGE CAPACITY` हा आकडा कितपत खरा मानावा?

तो मोजमाप नसून हिशेब आहे. बॅटरीतील चिप आत येणारा व बाहेर जाणारा विद्युतप्रवाह मोजते, व्होल्टेज पाहते आणि त्यावरून एकूण क्षमतेचा अंदाज बांधते. बॅटरी अधूनमधून बऱ्यापैकी रिकामी होऊन पुन्हा भरली, तर हा अंदाज सुधारत राहतो. पण बॅटरी कायम ९५ ते १०० टक्क्यांमध्येच राहिली, तर चिपला हिशेब पडताळून पाहण्याची संधीच मिळत नाही आणि चूक साचत जाते.

त्यामुळे अहवालातील `Battery capacity history` या तक्त्यात कित्येक महिने आकडा तसाच राहतो आणि मग एका आठवड्यात चार-पाच हजारांनी कोसळतो, असे चित्र अनेकदा दिसते. त्या आठवड्यात बॅटरीला काही झालेले नसते. आधीच झालेली घट चिपच्या लक्षात त्या आठवड्यात येते. कधी कधी आकडा वाढतोही, आणि त्यालाही हेच कारण असते.

म्हणून निर्णय घेण्याआधी चिपला एक पूर्ण फेरी दाखवावी. लॅपटॉप १०० टक्के चार्ज करून तसाच दोन तास चार्जरला राहू द्यावा. नंतर चार्जर काढून साधे काम करत तो आपोआप बंद होईपर्यंत वापरावा, चार-पाच तास तसाच राहू द्यावा आणि मग न थांबता पूर्ण चार्ज करावा. चार्जची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवली असेल, तर ती या फेरीपुरती काढावी लागते. हे वर्षातून दोन-तीन वेळा पुरे आहे. दर आठवड्याला करत बसलात, तर त्यानेच सायकली वाढतील.

बहिणीच्या लॅपटॉपचा पहिला अहवाल २६,८०० दाखवत होता, म्हणजे ६० टक्क्यांहूनही थोडे कमी. ही फेरी केल्यावर तो आकडा २९,२७० झाला. बॅटरी तीच होती, सुधारला तो हिशेब.

८० टक्क्यांच्या खाली गेली की बॅटरी बदललीच पाहिजे का?

नाही. ८० टक्के ही निर्मात्यांनी हमी आणि आयुर्मान सांगण्यासाठी वापरलेली सोयीची रेषा आहे. ७९ टक्क्यांवरची बॅटरी आणि ८१ टक्क्यांवरची बॅटरी यांत वापरणाऱ्याला काहीही फरक जाणवत नाही. हमीच्या काळात मात्र या रेषेला अर्थ आहे. मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी अहवाल काढून ठेवावा. लॅपटॉपची हमी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची बहुधा एकच वर्षाची असते, हेही पावती काढून पाहावे.

मग बदलण्याचा निर्णय कशावरून घ्यायचा?

टक्के सोडून तासांत विचार करावा. त्यासाठी लॅपटॉप दर तासाला किती ऊर्जा खातो हे कळायला हवे, आणि ते याच अहवालातील `Battery usage` या तक्त्यातून मिळते. तिथे लॅपटॉप बॅटरीवर किती वेळ चालला आणि तेवढ्यात किती मिलिवॉट-अवर खर्च झाले, हे दिलेले असते. `Active` असे लिहिलेली, किमान अर्ध्या तासाची ओळ निवडावी.

बहिणीच्या अहवालात एका ओळीत १ तास ४० मिनिटांत १५,००० मिलिवॉट-अवर खर्च झाले होते. म्हणजे तासाला ९,०००, अर्थात सरासरी ९ वॉट. आजची क्षमता २९,२७० असल्याने २९,२७० भागिले ९,००० म्हणजे जवळजवळ सव्वातीन तास. पण विंडोज शेवटच्या काही टक्क्यांवर लॅपटॉप झोपवते, त्यामुळे हाती तीन तासच धरावेत. नवी बॅटरी याच खर्चात पाच तास चालली असती.

आता गरज पाहू. ज्या वर्गात प्लग नाही अशा सलग दोन तासिका आणि मधली सुटी मिळून तिला तीन तास हवे होते. हिशेब अगदी काठावर येत होता. अशा वेळी बॅटरी विकत घेण्याआधी भागाकाराची दुसरी बाजूही तपासावी, ती म्हणजे खर्च. पडद्याचा उजेड पूर्ण होता आणि ब्राउझरमध्ये दोन डझन टॅब उघडे होते. उजेड निम्मा करून फक्त लागणारे टॅब ठेवल्यावर खर्च ७ वॉटवर आला, आणि त्याच ६५ टक्क्यांच्या बॅटरीतून चार तास मिळू लागले. एखाद्याचा लॅपटॉप साधे टंकलेखन करताना १८ वॉट खात असेल, तर त्याची तक्रार बॅटरीची नाहीच. नवी बॅटरी घालूनही तो अडीच तासांत बंद पडेल.

राहिला पुढचा काळ. `Battery capacity history` मध्ये एक वर्षापूर्वीच्या ओळीत ३५,५७० हा आकडा होता. वर्षभरात ६,३०० कमी झाले. याच वेगाने घट झाली तर पुढच्या वर्षी सुमारे २३,००० उरतील आणि ७ वॉटच्या खर्चात ती सव्वातीन तास चालेल. म्हणजे तेव्हाही गरज जेमतेम भागेल. आम्ही बदल पुढे ढकलला आणि सहा महिन्यांनी पुन्हा अहवाल काढायचे ठरवले, कारण उतारवयात बॅटरीची घट सरळ रेषेत न राहता एकदम वेग घेऊ शकते.

अहवालात ७० टक्के क्षमता आहे, पण लॅपटॉप २५-३० टक्क्यांवर अचानक बंद पडतो. असे का?

अहवाल जे सांगत नाही, ते इथे दिसते. बॅटरी जुनी होताना तिची साठवण घटते, आणि तिचा अंतर्गत रोधही वाढतो. रोध वाढलेल्या बॅटरीतून एकदम जास्त प्रवाह मागितला, उदाहरणार्थ व्हिडिओ कॉल सुरू केला, की व्होल्टेज क्षणात खाली येते आणि यंत्रणा सुरक्षेसाठी वीज तोडते. आत ऊर्जा असते, पण ती मागितलेल्या वेगाने बाहेर येऊ शकत नाही. मालिकेतील एकच सेल कमकुवत झाला असेल, तरी हेच घडते.

खूण ओळखण्यासाठी `Recent usage` पाहावे. बॅटरीवर असताना शेवटच्या ओळीत २७ टक्के आणि त्यानंतरची ओळ थेट चार्जर लावल्यावरची, ४ टक्के दाखवणारी, असे दिसले तर मधले टक्के कागदावरच होते. त्याच वेळेची `Event Viewer` मधील `Kernel-Power` ही `41` क्रमांकाची नोंदही असेल, तर वीज अचानक गेली हे पक्के होते. आधी वर सांगितलेली फेरी एकदा करून पाहावी, कारण हिशेबातील चुकीमुळेही असे होते. त्यानंतरही तोच प्रकार घडला, तर क्षमता ७० असो वा ८०, बॅटरी बदलावी. माझ्या मते अहवालातील कोणत्याही टक्केवारीपेक्षा हे कारण अधिक वजनाचे आहे.

`CYCLE COUNT` समोर नुसती रेघ किंवा शून्य दिसते. बॅटरी खराब आहे का?

नाही. काही लॅपटॉपचे फर्मवेअर हा आकडा विंडोजला देतच नाही. निर्मात्याच्या स्वतःच्या निदान प्रोग्रॅममध्ये किंवा बायॉसमध्ये तो दिसतो का, ते पाहावे. न दिसल्यास क्षमतेच्या इतिहासावरून निर्णय घेता येतो.

जुना लॅपटॉप विकत घेताना या अहवालावर विश्वास ठेवावा का?

ठेवावा, पण एक गोष्ट ध्यानात घेऊन. क्षमतेचा इतिहास विंडोजने लिहिलेला असतो, तर सायकलींची मोजणी बॅटरीतल्या चिपमध्ये असते. विक्रेत्याने कालच विंडोज नव्याने टाकले असेल, तर इतिहासाचा तक्ता जवळजवळ रिकामा असेल. त्याचा अर्थ बॅटरी नवी आहे असा होत नाही. विक्रेत्याने पाठवलेल्या फाइलवर न थांबता, लॅपटॉप हातात असताना स्वतः आज्ञा देऊन अहवाल काढावा आणि चार्जर काढून अर्धा तास वापरावा. या दोन्ही गोष्टींना नकार मिळाला, तर किमतीची चर्चाही तिथेच थांबवावी.

आणखी एक संशयास्पद खूण म्हणजे अनेक वर्षांच्या लॅपटॉपवर दोन्ही क्षमता अगदी शेवटच्या अंकापर्यंत सारख्या असणे. अशा वेळी एकतर चिप काहीच शिकत नाही, किंवा बॅटरी नंतर बसवलेली आणि स्वस्तातली आहे.

मॅक आणि लिनक्सवर हेच आकडे कुठे मिळतात?

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधील बॅटरी या भागात `Battery Health` समोर स्थिती आणि कमाल क्षमतेची टक्केवारी दिसते. सायकलींसह सर्व तपशील टर्मिनलमधून मिळतो. बहुतेक अलीकडच्या मॅकबुकसाठी अ‍ॅपलने १,००० सायकलींची मर्यादा सांगितलेली आहे.

```
system_profiler SPPowerDataType
```

लिनक्सवर पुढील आज्ञेत `energy-full`, `energy-full-design` आणि `capacity` या ओळी पाहाव्यात. काही लॅपटॉपवर बॅटरीचे नाव `BAT1` असते.

```
upower -i /org/freedesktop/UPower/devices/battery_BAT0
```

नवी बॅटरी बसवल्यावर काय तपासावे?

त्याच दिवशी अहवाल काढावा. `DESIGN CAPACITY` लेबलवरील वॉट-अवरशी जुळावी, सायकली शून्य किंवा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असाव्यात आणि पूर्ण चार्ज क्षमता मूळ क्षमतेच्या आसपास असावी. ती दोन-चार टक्के वर किंवा खाली असणे नवलाचे नाही. पण चिपमध्ये लिहिलेला आकडा आणि सेलमधील प्रत्यक्ष ऊर्जा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नकली बॅटरीत नेमकी तिथेच फसवणूक असते. म्हणून पहिल्या आठवड्यात एकदा ती पूर्ण वापरून `Battery usage` मधील खर्चाची बेरीज करावी. ४५ वॉट-अवरची म्हणून घेतलेली बॅटरी १०० टक्क्यांपासून बंद होईपर्यंत ३० वॉट-अवरच देत असेल, तर ती परत करण्याची मुदत संपण्याआधी अहवालाची प्रत घेऊन दुकानात जावे.

आकडे उत्तम आहेत, पण टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतो. काय करावे?

लॅपटॉप लगेच बंद करावा, चार्जर काढावा आणि तो पुन्हा चार्ज करू नये. बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता आहे, आणि फुगलेल्या बॅटरीची क्षमता अहवालात ९० टक्केही दिसू शकते, कारण आत साठलेला वायू चिपला मोजता येत नाही. तळाचे झाकण नीट न बसणे, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगणे, टचपॅडचे क्लिक घट्ट होणे, या तिच्याच खुणा आहेत. ती दाबून बसवण्याचा किंवा टोचून हवा काढण्याचा प्रयत्न आग लावू शकतो, म्हणून ती दुरुस्ती करणाऱ्याकडूनच काढून घ्यावी. काढलेली बॅटरी ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात ती द्यावी.